रिंग पक्की, सन फिरता: प्लॅनेटरी गिअरबॉक्सचा रेशो काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची बहुतेक उत्तरं एकाच गिअरबॉक्सवर दिली आहेत, म्हणजे आकडे डोक्यात राहतील. मधला सन गिअर १८ दात्यांचा, त्याभोवती २७ दात्यांचे तीन प्लॅनेट गिअर, आणि बाहेरची आतून दाते असलेली रिंग ७२ दात्यांची. रिंग घरात पक्की बसवलेली आहे. सनला १.५ किलोवॅटची, १४४० आरपीएमची मोटर जोडली आहे. प्लॅनेटच्या पिना ज्या चकतीत बसतात तो कॅरिअर, आणि कॅरिअरच्या शाफ्टवरून आपण आउटपुट घेतो.

रिंगचे ७२ भागिले सनचे १८, उत्तर ४ येतं. मग नेमप्लेटवर ५ का लिहिलंय?

नेमप्लेट बरोबर आहे. रिंग पक्की आणि सन फिरता असेल तर सूत्र असं:

```
i = 1 + Zr/Zs = 1 + 72/18 = 5
```

`Zr` म्हणजे रिंगचे दाते, `Zs` म्हणजे सनचे. सन पाच फेरे फिरला की कॅरिअरचा एक फेरा होतो, म्हणून १४४० भागिले ५, आउटपुटला २८८ आरपीएम. नुसत्या भागाकाराने ३६० आले असते. ७२ आरपीएमचा हा फरक कन्व्हेअरवर लगेच डोळ्यात भरतो आणि मग दोष मोटरवर किंवा ड्राइव्हच्या सेटिंगवर जातो. खरी चूक कागदावरच्या एका सुटलेल्या ‘अधिक एक’ची असते.

तो ‘अधिक एक’ येतो तरी कुठून?

साध्या गिअरजोडीत दोन्ही चाकांची केंद्रं जागेवर असतात. एक दाता सरकला की समोरचा एक दाता सरकतो, आणि भागाकार केला की काम संपतं. इथे प्लॅनेटचं केंद्रच फिरत असतं. त्यामुळे आपण हालचाल दोन तुकड्यांत करू आणि मग बेरीज करू.

पहिला तुकडा: कॅरिअर हाताने घट्ट धरा आणि रिंग मोकळी सोडा. आता सगळी केंद्रं जागेवर आली, म्हणजे हा साधा गिअरबॉक्सच झाला. सन चार फेरे पुढे फिरवला तर ४ गुणिले १८, म्हणजे ७२ दाते सरकले. प्लॅनेट मधे फक्त निरोप्या आहे, तो तेच ७२ दाते रिंगकडे पोचवतो. रिंग एक फेरा फिरते, पण उलट दिशेने, कारण मधे प्लॅनेटने दिशा बदलली. हिशेब झाला: सन +४, कॅरिअर ०, रिंग −१.

पण आपली रिंग तर हलता कामा नये. म्हणून दुसरा तुकडा: सगळा संच, सन, प्लॅनेट, कॅरिअर, रिंग, एकत्र उचलून एक फेरा पुढे फिरवा. कुठलाही दाता दुसऱ्या दात्यावर सरकत नाही, सगळेच जात्याच्या पाळीसारखे एकत्र फिरतात. प्रत्येकाच्या खात्यात +१.

```
                 सन    कॅरिअर   रिंग
कॅरिअर धरून       +4      0       -1
सगळं एकत्र        +1     +1       +1
बेरीज             +5     +1        0
```

रिंग शून्यावर आली, म्हणजे आपल्या खऱ्या गिअरबॉक्सची स्थिती आली. कॅरिअरचा एक फेरा, सनचे पाच. त्यातले चार फेरे दात्यांच्या हिशेबाचे, आणि पाचवा तो सगळ्यांनी मिळून मारलेला फेरा.

पुस्तकांत हीच गोष्ट विलिसच्या सूत्राने लिहितात. केंब्रिजचे रॉबर्ट विलिस यांनी एकोणिसाव्या शतकात ती मांडली. माझं प्रामाणिक मत असं की सूत्र विसरतं, तक्ता विसरत नाही. परीक्षेला जाणाऱ्यांनीही तक्ताच लिहावा. चिन्हाची चूक झाली तर त्यात लगेच दिसते.

प्लॅनेटचे दाते सूत्रात कुठेच नाहीत. ते मोजायचेच नाहीत का?

रेशोसाठी नाही. प्लॅनेटचे दाते सनच्या बाजूने भागाकारात येतात आणि रिंगच्या बाजूने गुणाकारात, म्हणून कापले जातात. प्लॅनेट तीन आहेत की पाच, यानेही रेशो बदलत नाही. संख्या वाढली की भार वाटला जातो, एवढंच.

मात्र प्लॅनेटचे दाते किंवा त्यांची संख्या तीन ठिकाणी लागते: गिअर जागेत बसतील का, प्लॅनेटच्या बेअरिंगला किती वेग मिळतो, आणि जुळणी होते का. ती तिन्ही पुढे येतीलच.

रिंगचे दाते आतून आहेत, मोजताना चुकतात. सन आणि प्लॅनेटवरून रिंग काढली तर चालेल?

इथे मी स्वतः फसलो आहे, म्हणून थोडं सविस्तर.

भूमिती सांगते की सनची त्रिज्या अधिक प्लॅनेटचा पूर्ण व्यास म्हणजे रिंगची त्रिज्या. दात्यांत लिहिलं तर `Zr = Zs + 2·Zp`. आपल्या उदाहरणात १८ अधिक ५४, बरोबर ७२. त्यामुळे वाटतं की सन आणि प्लॅनेट मोजले की झालं.

एकदा माझ्यासमोर एका बॅटरीच्या ड्रिलमधला सुटा स्टेज होता. सन १५, प्लॅनेट १६. मी रिंग न मोजताच ४७ लिहिली आणि रेशो ४.१३ काढला. प्रत्यक्ष फिरवून पाहिलं तर ४.२ येत होता. रिंग ४८ दात्यांची होती. कारखान्यात दात्यांची आखणी किंचित आत-बाहेर सरकवून कापतात, याला प्रोफाइल शिफ्ट म्हणतात. असं केलं की प्लॅनेटला एखादा दाता कमी-जास्त असूनही तो दोन्हीकडे नीट बसतो. १५ आणि ४८ घेतले तर प्लॅनेट साडेसोळा दात्यांचा यायला हवा, तसा तर होऊच शकत नाही. म्हणून त्यांनी १६चा घेतला आणि आखणी सरकवून अंतर जुळवलं. लहान गिअरबॉक्समध्ये हे सर्रास चालतं.

तेव्हा रिंग मोजायचीच. एका दात्याला नेलपॉलिश किंवा मार्कर लावा आणि तिथून मोजायला सुरुवात करा. मोजणी झाली की एक ताळा करून बघा. तीन प्लॅनेट सारख्या अंतरावर असतील तर सन अधिक रिंग या बेरजेला तीनने पूर्ण भाग जायला हवा. १५ अधिक ४८ म्हणजे ६३, तिनाने भाग जातो. १५ अधिक ४७ म्हणजे ६२, जात नाही. माझी चूक इथेच पकडली गेली असती. एका दात्याची चूक या ताळ्यातून सुटत नाही.

गिअरबॉक्स उघडायचा नाहीये. बाहेरून रेशो कळेल का?

कळेल, आणि उघडून मोजलेल्यापेक्षा जास्त भरवशाचा. मोटर सोडवा. इनपुट शाफ्टवर एक खूण करा, आउटपुट शाफ्टवर दुसरी, आणि दोन्हींसमोर घरावर एकेक रेघ. आधी इनपुट ज्या दिशेने फिरवणार त्याच दिशेने थोडं फिरवून दात्यांतला ढिलेपणा काढून घ्या, मगच खुणा करा. नाहीतर सुरुवातीचा पाव फेरा फुकट जातो आणि तो हिशेबात घुसतो.

एकच फेरा मोजू नका. आउटपुटचे दहा फेरे होईपर्यंत इनपुट फिरवा. आपल्या गिअरबॉक्समध्ये ५० फेरे भरतील. वरच्या ड्रिलच्या स्टेजमध्ये ४२ भरतात, आणि मी गृहीत धरलेल्या रेशोने ४१ आणि एक तृतीयांश भरले असते. एका फेऱ्यात हा फरक डोळ्याला दिसला नसता, दहा फेऱ्यांत चांगला पाऊण फेऱ्याच्या जवळ जातो.

आउटपुट उलट फिरतो का?

नाही. सन आणि कॅरिअर एकाच दिशेने फिरतात. उलटा फिरतो तो फक्त प्लॅनेट, स्वतःच्या पिनेभोवती.

आउटपुटला टॉर्क किती मिळेल? आणि रिंगवर खरंच काही जोर येतो का?

मोटरचा टॉर्क असा: किलोवॅटला ९५५० ने गुणून आरपीएमने भागा. १.५ गुणिले ९५५० भागिले १४४०, साधारण ९.९५ न्यूटन-मीटर. पाचपट केली की ४९.७. दात्यांत आणि बेअरिंगमध्ये थोडं झिजतं. तेल ठीक असेल तर एका स्टेजला ९७ टक्के धरायला हरकत नाही, म्हणजे हातात साधारण ४८ येतात.

आता रिंग. मोटर १० न्यूटन-मीटरच्या जवळपास देते आणि आउटपुटला ५०च्या आसपास निघतात. मधले ४० कोण देतं? घर देतं, रिंगमार्फत. नुकसान बाजूला ठेवलं तर रिंगला अडवून धरायला लागणारा टॉर्क मोटरच्या टॉर्कच्या `Zr/Zs` पट असतो, म्हणजे चौपट, ३९.८ न्यूटन-मीटर. रिंग हलत नाही म्हणून लोकांना वाटतं तिच्यावर काम नाही. खरं तर सनपेक्षा चौपट टॉर्क तीच झेलत असते, तेही उलट दिशेने ढकलली जात असताना. रिंगच्या पिना आणि घराचे बोल्ट निवडताना मोटरचा आकडा धरला तर ते कापले जाणार.

मोटर नीट फिरते, बिनभार आउटपुटही नीट फिरतो, पण भार आला की आउटपुट मंदावतो. रेशो बदलला का?

दात्यांचा रेशो बदलत नाही. बहुधा रिंग घरात घसरते आहे. रिंग पक्की राहिली नाही तर सूत्रात तिचाही वेग येतो. `ns` म्हणजे सनचा वेग, `nc` कॅरिअरचा, `nr` रिंगचा:

```
ns = 5·nc - 4·nr
```

समजा भारावर इनपुटला १४४० आणि आउटपुटला २४० मिळाले. २४० गुणिले ५ म्हणजे १२००. उरलेले २४० रिंगने खाल्ले, म्हणून रिंग मिनिटाला ६० फेरे उलटी फिरते आहे. आउटपुट पूर्ण अडकला तर रिंग १४४० भागिले ४, म्हणजे ३६० आरपीएमने उलट फिरेल आणि मोटरला काहीच झाल्यासारखं वाटणार नाही.

हे मांडण्याआधी इनपुटचा वेगही भारावरच मोजून घ्या. पट्टा सुटत असेल किंवा कपलिंगची की कापली गेली असेल तरी आउटपुट असाच मंदावतो. शंका उरली तर रिंग आणि घर यांच्या सांध्यावर दोघांना ओलांडून जाईल अशी रंगाची एक रेघ ओढा आणि भारावर चालवा. रेघ तुटून दोन तुकडे दोन ठिकाणी दिसले की निकाल लागला. उघडल्यावर कापलेल्या पिना किंवा रिंगच्या बाहेरच्या अंगाला तपकिरी भुकटी मिळते.

गंमत म्हणजे बॅटरीच्या ड्रिलमध्ये हीच ‘बिघाड’ मुद्दाम ठेवलेली असते. पुढच्या कड्यावरचे १, २, ३ आकडे फिरवले की स्प्रिंगने दाबलेल्या गोळ्या रिंगला कमी-जास्त जोराने धरतात. स्क्रू बसला, टॉर्क वाढला, की रिंग गोळ्यांवरून कटकट करत फिरते आणि चक थांबतो. तो कटकट आवाज म्हणजे रिंग मोकळी झाल्याचा आवाज.

तीनऐवजी चार प्लॅनेट टाकले तर भार कमी होईल. टाकू का?

याच दात्यांवर सारख्या अंतराने टाकता येणार नाहीत. जागा आहे, पण दाते जुळत नाहीत.

जागेचा हिशेब आधी. शेजारच्या दोन प्लॅनेटचे दाते एकमेकांना लागता कामा नयेत. दात्यांच्या मापात, सन अधिक प्लॅनेट म्हणजे ४५, त्याला ४५ अंशांच्या साइनने गुणलं की ३१.८ येतात. हे प्लॅनेटच्या दात्यांपेक्षा दोनने जास्त असलेल्या आकड्याहून, म्हणजे २९ हून, मोठं आहे. चार प्लॅनेट एकमेकांना न घासता मावतील.

आता जुळणी. पहिला प्लॅनेट बसवला की सन आणि रिंग यांची एकमेकांसापेक्ष जागा ठरली. पुढचा प्लॅनेट कुठेही बसत नाही. तो ३६० भागिले सन-रिंगची बेरीज, इथे ३६० भागिले ९०, म्हणजे ४ अंशांच्या पटीतच बसतो. तीन प्लॅनेटसाठी १२० अंश लागतात, ते ४च्या पटीत आहेत. चारासाठी ९० लागतात, ते नाहीत. दुसरा प्लॅनेट घालायला गेलात की दाता दात्यावर बसतो आणि पिन भोकात उतरत नाही. हातोडी घेऊ नका, कितीही ठोकलं तरी तो बसणार नाही.

अगदीच चार हवे असतील तर कॅरिअरमधली भोकं ०, ८८, १८० आणि २६८ अंशांवर पाडावी लागतील. समोरासमोरच्या जोड्या राहिल्या की कॅरिअरचा तोल राहतो. पण तयार कॅरिअर बदलण्यापेक्षा दाते बदलून नवा संच घेणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

प्लॅनेटचं बेअरिंग वारंवार जातं. त्याला किती वेग धरायचा?

कॅरिअरचे २८८ धरू नका. बेअरिंगला कॅरिअरच्या सापेक्ष वेग कळतो. सन कॅरिअरपेक्षा १४४० वजा २८८, म्हणजे ११५२ आरपीएमने पुढे पळतो. त्याला १८ भागिले २७ ने गुणा: ७६८ आरपीएम. निडल बेअरिंगचं आयुष्य या आकड्यावर काढा. बाहेर उभं राहून पाहणाऱ्याला प्लॅनेट ४८० आरपीएमने उलटा फिरताना दिसेल, पण पिनेला त्याचं काही देणंघेणं नाही.

दोन स्टेज असतील तर रेशोंची बेरीज करायची का?

गुणाकार. पहिल्या कॅरिअरच्या मागे दुसऱ्याचा सन असतो, आणि दोन्ही रिंग पक्क्या असतात. पहिला ५ आणि दुसरा ४.२ असेल तर एकूण २१. १४४०चे साधारण ६८.६ आरपीएम उरतात. प्रत्येक स्टेजचा ‘अधिक एक’ वेगवेगळा करून मगच गुणा. आधी नुसते भागाकार गुणून शेवटी एकदा एक मिळवला तर ४ गुणिले ३.२ अधिक १, म्हणजे १३.८ येतील, आणि ते कुठल्याच गिअरबॉक्सचं उत्तर नाही.

एकाच स्टेजमध्ये कितीपर्यंत रेशो मिळतो?

दोनपेक्षा जास्त नक्कीच, कारण रिंग सनपेक्षा मोठी असतेच. पण अडीचच्या खाली प्लॅनेट इतके लहान होतात की त्यात बेअरिंग बसत नाही. वरच्या बाजूला सन बारीक आणि प्लॅनेट मोठे होत जातात आणि शेजारी शेजाऱ्याला लागतो. व्यवहारात ३ ते १० धरा. १२ हवा असेल तर एका स्टेजमध्ये ओढाताण करण्यापेक्षा ३ आणि ४ असे दोन टाकावेत, असं माझं मत.

सगळं मोजलं, सूत्र लावलं, तरी फिरवून पाहिल्यावर रेशो जुळत नाही. आता?

प्लॅनेट नीट पाहा. एकाच पिनेवर दोन वेगवेगळ्या मापाची चाकं एकत्र जोडलेली असतील तर तो पायरीचा प्लॅनेट आहे. मोठं चाक सनला लागतं, लहान चाक रिंगला. इथे प्लॅनेटचे दाते कापले जात नाहीत:

```
i = 1 + (Zr·Zp1)/(Zs·Zp2)
```

`Zp1` सनला लागणारं चाक, `Zp2` रिंगला लागणारं. सन १८, मोठं चाक ३०, लहान १५, रिंग ६३ घेतली तर ६३ गुणिले ३० भागिले १८ गुणिले १५, म्हणजे ७, अधिक एक, ८. साध्या सूत्राने ४.५ आले असते. फिरवून मोजलेला रेशो दात्यांच्या हिशेबाच्या दुपटीच्या आसपास आला की आधी हीच शंका घ्या.

या प्लॅनेटची दोन चाकं एकमेकांना कुठल्या दात्यावर जोडली आहेत यालाही अर्थ असतो. सुटे करताना प्रत्येक प्लॅनेटवर खूण करा आणि जसा निघाला तसाच परत बसवा, नाहीतर तिसरा प्लॅनेट पिनेवर येणार नाही.

हाच गिअरबॉक्स उलटा जोडला, कॅरिअर फिरवला, तर?

रिंग पक्कीच असेल तर सन पाचपट वेगाने फिरेल आणि टॉर्क पाचवा हिस्सा उरेल. अनेक पवनचक्क्यांच्या गिअरबॉक्सचा पहिला स्टेज असाच असतो: पाती कॅरिअर फिरवतात आणि सनवरून वेग पुढे जातो. सूत्र तेच, फक्त भागाकाराऐवजी गुणाकार.